वरातीच्या सुपारीत ढोलवाल्याचा वाटा किती धरावा? (आणि ताशा शिकण्याबद्दल)

सिडकोकर_पवन

नमस्कार मंडळी. मी सिडकोत राहतो, अंबडला कंपनीत शिफ्टला जातो. दोन वर्षं गंगापूर रोडच्या एका हौशी पथकात ढोल वाजवला. तिथे पैशांचा प्रश्नच नव्हता, सगळे आवडीने यायचे. तिथलेच एक मित्र व्यावसायिक पार्टीत वाजवतात. त्यांनी तुळशीच्या लग्नानंतर मला बोलावलं. आतापर्यंत चार वराती वाजवल्या. दर वेळी रात्री मालक हातात ५०० रुपये ठेवतात आणि मी घरी येतो.

गेल्या आठवड्यात नवरदेवाचा मामा माझ्या शेजारी चालत होता. बोलता बोलता तो म्हणाला, "२४,००० दिलेत तुम्हाला, जरा जोरात होऊ द्या." तेव्हापासून डोक्यातून जात नाही. आम्ही बारा जण होतो: आठ ढोल, तीन ताशे, एक झांज. तीन तास वाजवलं. टेम्पो मालकांनी ठरवला होता. मालक स्वतः वाजवत नाहीत, पुढे चालून लोकांना बाजूला करतात आणि यजमानांशी बोलतात. मुख्य ताशेवाल्याला १,००० मिळतात असं ऐकलं.

दोन प्रश्न आहेत. एक, यात माझा वाटा साधारण किती व्हायला हवा, आणि मालकांशी संबंध न बिघडवता तो विषय कसा काढायचा? मला ही पार्टी सोडायची नाही, माणसं चांगली आहेत. दोन, मला ताशा शिकायचा आहे. ढोलावर हात बसला आहे, पण ताशा हातात घेतला की नुसता खडखडाट होतो. घरी सराव कसा करावा?

नाशिकरोडची_आई

माझी मुलगी यंदा दहावीला आहे आणि तिला पथकात जायचं आहे. तुम्ही ५०० मिळतात म्हणताय, इथे तर आमच्याकडूनच नावनोंदणीचे आणि ड्रेसचे पैसे मागितले! हे बरोबर आहे का? आणि सराव रात्री साडेनऊपर्यंत चालतो, मुलींना सोडायला कोणी येतं का? कृपया कोणीतरी सांगा, जुलैत सराव सुरू होतो म्हणतात.

गंगापूररोड_खजिनदार

ताई, तुमचा प्रश्न हौशी पथकाचा आहे आणि पवनचा व्यावसायिक पार्टीचा, म्हणून आधी तुमचं उत्तर देतो. मी एका हौशी पथकाचा हिशेब सांभाळतो. गणपती, शिवजयंती, पाडव्याची शोभायात्रा अशी आमची वादनं असतात. मंडळाकडून जे मानधन येतं ते वादकांत वाटलं जात नाही. त्यातून ढोलाची पानं, दोऱ्या, टेम्पो, सरावाच्या जागेचं भाडं आणि नाश्ता होतो. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते वर्षअखेरच्या बैठकीत सगळे मिळून ठरवतात. ड्रेसचे पैसे घेणं रास्त आहे, कारण ड्रेस तुमच्याकडेच राहतो. नावनोंदणीचे घेत असतील तर पावती मागा आणि मागच्या वर्षीचा हिशेब दाखवा म्हणून विचारा. ज्या पथकाला हिशेब दाखवायला अडचण वाटते तिथे मुलीला पाठवू नका, मग ते कितीही मोठं असो. घरी सोडण्याची व्यवस्था आमच्याकडे गट करून असते, पण प्रत्येक पथकात असेलच असं नाही. सरावाला एकदा स्वतः जाऊन बघा.

पेठरोड_ताशा

पवन भाऊ, मी बावीस वर्षं पार्टीत आहे. आधी ढोल, मग ताशा, आता पार्टी माझीच आहे. म्हणजे तुझ्या मालकाच्या जागी मी आहे असं समज. त्यामुळे दोन्ही बाजू सांगतो.

आमच्याकडे वाट्याची पद्धत आहे. सुपारीतून आधी खर्च वजा करायचा, मग उरलेल्याचे वाटे पाडायचे. वाजवणाऱ्या प्रत्येकाला एक वाटा. मुख्य ताशेवाल्याला दीड, कारण सगळा ताल त्याच्या हातावर चालतो आणि तो आला नाही तर वरात उभी राहते. वाद्य ज्याचं असेल त्याला प्रत्येक वाद्यामागे पाव वाटा. पान फाटतं, कडी तुटते, वाद्य जुनं होतं, ते भरून निघायला हवं. आणि सुपारी आणणाऱ्या मालकाला दोन वाटे. फोन त्याला येतात, भांडण त्याला सोडवावं लागतं, पैसे बुडाले तर त्याचे बुडतात.

आता तुझी वरात धर. सुपारी २४,०००. टेम्पो २,५००, नाश्ता-पाणी १,२००, एक पान फुटलं असं धरून ६००. खर्च झाला ४,३००. राहिले १९,७००. आता वाटे मोज. झांज धरून तुम्ही साधे अकरा जण, म्हणजे अकरा वाटे. मुख्य ताशा दीड. आठ ढोल आणि तीन ताशे मालकाचे आहेत असं धरतो, अकरा वाद्यांचे पाव-पाव म्हणजे पावणेतीन. मालकाचे दोन. बेरीज सव्वासतरा. १९,७०० ला सव्वासतराने भाग, एका वाट्याला १,१४० च्या आसपास येतात. मुख्य ताशाला १,७१०, मालकाला वाद्यासकट ५,४००.

तुम्हा अकरा जणांना ५०० प्रमाणे ५,५०० आणि मुख्य ताशाला १,००० दिले, म्हणजे वाटप झालं ६,५०० चं. याच खर्चाने मालकाकडे १३,२०० राहतात. हे जास्त आहे, मालक असूनही सांगतो.

पण लगेच मालकावर जाऊ नकोस. माझ्या या हिशेबात एक खर्च नाही, तो तुला दिसत नाही. ही सुपारी कुठून आली? मंगल कार्यालयवाल्याने किंवा इव्हेंटवाल्याने दिली असेल तर त्याची दलाली असते. २४,००० वर ३,००० दलाली गेली तर राहतात १६,७०० आणि वाटा येतो ९६८. म्हणून पहिला प्रश्न "माझा वाटा वाढवा" हा नको. पहिला प्रश्न "दादा, सुपारीतून काय काय जातं ते मला समजून सांगा" हा हवा. जो मालक हे सांगतो त्याच्याशी पुढचं बोलणं सोपं असतं.

इंदिरानगर_विकी

पवन, तू जास्तच मागू शकतोस. एनजीटीने आता पथकात ३० वादकांचीच परवानगी ठेवली आहे. मोठी पथकं बंद होणार, त्यामुळे तुमच्यासारख्या बारा-पंधराच्या पार्ट्यांना भाव येणार. सरळ १,५०० माग. आणि रात्री दहानंतर वाजवलं तर दुप्पट माग. दहाचा नियम लाउडस्पीकरला आहे, ढोलाला नाही.

गंगापूररोड_खजिनदार

विकी, यातलं थोडं बरोबर आहे आणि बाकीचं पवनला अडचणीत आणेल. ३० वादकांची मर्यादा एनजीटीच्या पुणे खंडपीठाने २०२४ मध्ये घातली होती, ती पुण्याच्या गणेशोत्सवातल्या पथकांसाठी. त्या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२४ ला स्थगिती दिली. तेव्हा त्या आधारावर नाशिकमध्ये भाव ठरवायला जाऊ नये.

दहाच्या नियमाबद्दल तर उलटं आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे आहेत. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यात वाद्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ढोलही चालत नाही. सणावारांना राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. त्या सुटीत गणपती बसतो, कोणाच्या घरची वरात बसत नाही. त्यामुळे दहानंतरचा दुप्पट दर ठरवण्यापेक्षा "दहाला वादन थांबेल" हे यजमानांना आधी सांगणं पार्टीच्या हिताचं आहे. नाहीतर पोलिसांनी येऊन वाद्यं उतरवली की यजमान राहिलेले पैसे अडवतात आणि शेवटी ते वादकांच्या वाट्यातून जातात.

पेठरोड_ताशा

खजिनदार साहेब बोलले ते माझ्याबाबतीत झालेलं आहे. वरात नऊला निघायची ती नवरदेवाच्या मित्रांमुळे सव्वादहाला निघाली. कोपऱ्यावरच गाडी आली, वादन बंद. यजमान म्हणाले, वाजवलं कुठे? निम्मे पैसे गेले. पोरांना मी माझ्या खिशातून दिले, पण पुढच्या वेळेपासून सुपारीच्या चिठ्ठीवर वेळ लिहायला लागलो. "संध्याकाळी ७ ते १०. उशीर यजमानांकडून झाला तरी पूर्ण मानधन." निम्मा विसार आधी, उरलेले वाद्यं टेम्पोतून उतरायच्या आधी. हे मालकाचं काम आहे. पण पवन, तू विचारू शकतोस की चिठ्ठी केली आहे का. विसार घेतला असेल तर तुझा वाटाही सुरक्षित राहतो.

आता ताशाचं. खडखडाट होतो म्हणतोस, म्हणजे तू कोपरातून मारतोयस. ढोलवाले सगळे हेच करतात, कारण टिपरू खांद्यापासून फिरवायची सवय असते. ताशाची काडी मनगटातून चालते आणि पानावर पडल्यावर स्वतः उडते. ती उडू द्यायची, दाबून धरायची नाही. काडी मुठीत घट्ट धरलीस तर उसळी मरते आणि नुसता ठक् आवाज येतो.

घरी ताशा घेऊन बसू नकोस, शेजारी ओरडतील आणि कानही जातील. लाकडी फळीवर जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा ताणून ठोक. त्यावर उजवा-डावा, उजवा-डावा, एकदम सावकाश. रोज वीस मिनिटं. पहिला महिना यापलीकडे काही नाही. मोबाईलवर ते रेकॉर्ड कर आणि डोळे मिटून ऐक. डावा ठोका बारीक ऐकू आला की समज, तर्री अजून लांब आहे. तर्री म्हणजे वेग नव्हे. दोन्ही हात इतके सारखे पडतात की कोणता ठोका कुठल्या हाताचा ते ऐकणाऱ्याला कळत नाही. ते झालं की वेग आपोआप येतो. माझी तर्री एक पूर्ण आवर्तन टिकायला आठ महिने लागले.

सिडकोकर_पवन

काका, खूप आभार. हिशेब वहीत उतरवून घेतला. मला दलालीचं डोक्यातच आलं नव्हतं. शनिवारी मालकांकडे पानं बदलायला जायचं आहे, तेव्हा विषय काढतो. एक विचारायचं राहिलं. मागच्या वरातीत माझ्या ढोलाचं पान फुटलं आणि मालक म्हणाले, पुढच्या वेळच्या पैशांतून १०० कापेन. हे बरोबर आहे का?

पेठरोड_ताशा

पान कसं फुटलं त्यावर आहे. तू कडेला रिंगवर टिपरू मारत असशील तर तुझी चूक. तशा वेळी फाटलेला भाग कडेला, चंद्रकोरीसारखा असतो. पान मधोमध फुटलं असेल किंवा एका कडीपासून आत चीर गेली असेल तर ढोल नीट ताणलेला नव्हता. एका बाजूच्या दोऱ्या जास्त आवळल्या की सगळा ताण तिथेच येतो.

शनिवारी पान बसवशील तेव्हा हे करून बघ. कडेच्या प्रत्येक कडीशेजारी, रिंगपासून दोन बोटं आत, बोटाने टिचकी मार आणि गोल फिर. जिथे आवाज उंच लागतो तिथे ताण जास्त, जिथे ढबढब येतो तिथे कमी. कमी असलेल्या ठिकाणी आवळ. पण लगेच शेजारची कडी घेऊ नकोस, समोरची घे. असं समोरासमोर जात पूर्ण फेरी कर. गोल फिरून एकच आवाज आला की ढोल तयार. पाच मिनिटांचं काम आहे, पण वरातीच्या घाईत कोणी करत नाही आणि मग भर रस्त्यात पान जातं.

पान मधोमध गेलं असेल तर तुझे १०० कापणं बरोबर नाही. माझ्या हिशेबात वाद्याचा पाव वाटा मालकाला दिला आहे तो यासाठीच. वाद्याचा वाटाही घ्यायचा आणि पानाचे पैसेही कापायचे हे दोन्ही एकाच वेळी होऊ नये. हे शांतपणे सांगता येतं.

सातपूर_ढोलकरी

मी पवनच्या उलट बाजूने बोलतो. पाच वर्षं पार्टीत वाजवलं, वाट्याच्या हिशेबाने. ऐकायला वाटा गोड वाटतो, पण दोन वेळा सुपारीचे उरलेले पैसे आलेच नाहीत आणि आम्हा सगळ्यांचा वाटा शून्य झाला. आता मी ठरलेल्या रोजावर वाजवतो. ७०० मिळतात, पण पैसे आले-न आले तरी मिळतात. वाटा मागशील तर तोटाही तुझा होतो, हे मालक तुला आधी सांगणार नाहीत. तू कंपनीत कामाला आहेस, तुला जोखीम परवडेल. माझ्यासारख्याला रोज बरा.

पेठरोड_ताशा

सातपूरकर बरोबर बोलले, आणि याचं एकच उत्तर नाही. माझ्या पार्टीत दोन्ही प्रकारचे वादक आहेत. रोजावर असलेला वाट्यापेक्षा थोडं कमी घेतो, कारण बुडीत मी सोसतो. १,००० चा वाटा पडणार असेल तर ७०० ते ८०० चा रोज रास्त, असं माझं मत. ५०० मात्र रोजातही कमी आहेत.

नाशिकरोडची_आई

मी पुन्हा विचारते, माफ करा. मुलीला सरावाला पाठवून पाहिलं. घरी आल्यावर म्हणाली, कानात शिट्टी वाजते आहे. रात्रभर होती, सकाळी गेली. हे नेहमीचं असतं का?

गंगापूररोड_खजिनदार

ताई, शिट्टी ऐकू आली म्हणजे कानाला झेपलं नाही याची ती खूण आहे. सकाळी गेली हे चांगलं, पण दर वेळी होऊ देऊ नका. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, बोटांत चोळून बारीक करायचे आणि कानात घालून फुगू द्यायचे. कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाही. आणि तिला ताशांच्या पुढे उभं करू नका म्हणून सांगा. ताशाचा आवाज टोकदार असतो, तो जवळून जास्त लागतो. शिट्टी दोन दिवसांत गेली नाही तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

पेठरोड_ताशा

माझ्या डाव्या कानात ती शिट्टी कायमची आहे, ताई. तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही. मुलीला प्लग नक्की द्या. प्लग घातला तरी ताल चुकत नाही, ठोका छातीत कळतो.

सिडकोकर_पवन

शनिवारी गेलो होतो. काय झालं ते सांगतो.

पानं बदलताना टिचकीचा प्रकार करून दाखवला. मालक खूश झाले, म्हणाले हे कुठून शिकलास. तिथेच विचारलं, "दादा, सुपारीतून काय काय जातं ते एकदा समजावून सांगा, मला पार्टीचं काम शिकायचं आहे." ते आधी थोडे गप्प झाले. मग म्हणाले, त्या दिवशीच्या २४,००० मधून कार्यालयाच्या माणसाला ४,००० गेले, टेम्पो ३,०००, आणि दोन ढोल त्यांनी दुसऱ्या पार्टीकडून भाड्याने आणले होते त्याचे ८००. मी वहीत मांडून वाटे पाडून दाखवले नाहीत. ते वाद घातल्यासारखं झालं असतं. एवढंच म्हणालो की मला रोज ८०० करा, आणि तीन तासांपुढे गेलं तर तासाला २०० द्या. आणि पान मधोमध गेलं होतं, चीर कडीपासून आत होती, ते दाखवलं.

८०० ला हो म्हणाले, पण जुन्या दोन ढोलकऱ्यांनाही मग तेवढेच द्यावे लागतील म्हणून पुढच्या महिन्यापासून. जादा तासाचं यजमानांनी दिले तरच देईन म्हणाले. पानाचे १०० कापणार नाहीत.

एका गोष्टीवर अडलं. वरातीत लोक नवरदेवावरून नोटा ओवाळून वादकांना देतात. ते पैसे पुढे असलेले मुख्य ताशेवाले आणि मालक ठेवतात. मागे ढोलात आम्हाला काही कळत नाही. मी विचारलं तर मुख्य ताशेवाले म्हणाले, "ते बक्षीस ज्याच्या हातात पडलं त्याचं." मालकही काही बोलले नाहीत. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

सातपूर_ढोलकरी

आमच्याकडे ज्याला मिळालं त्याचं. नोट ताशेवाल्याच्या वादनाला बघूनच दिलेली असते. यावर भांडू नकोस, ८०० मिळाले तेवढं पुढे ने.

पेठरोड_ताशा

सातपूरकर, मला हे पटत नाही. ढोल मागे नसतील तर ताशा बघायला कोण येणार? माझ्या पार्टीत टेम्पोच्या पुढच्या सीटवर एक डबा असतो. ओवाळणी सगळी त्यात जाते आणि घरी जायच्या आधी सगळ्यांसमोर मोजून सारखी वाटली जाते. दीड वाटाही त्यात नाही. पण हे मालकाने लावायचं असतं. नवीन आलेल्याने मागितलं तर पुढचा ताशेवाला दुखावतो, आणि तुला त्याच्याकडूनच ताशा शिकायचा आहे हे लक्षात ठेव. एक हंगाम जाऊ दे, मग जुन्या ढोलकऱ्यांबरोबर मिळून विषय काढ. एकट्याचं बोलणं तक्रार वाटतं, आठ ढोलांचं बोलणं ऐकावं लागतं.

८०० मान्य झाले ते चांगलं. त्यांचा खर्च धरून मी पुन्हा मोजलं. दलाली ४,०००, टेम्पो ३,०००, ढोलाचं भाडं ८००, नाश्ता १,२००, पान ६००, मिळून ९,६००. राहिले १४,४००. दोन ढोल भाड्याचे म्हणून वाद्याचे वाटे सव्वादोन, एकूण वाटे पावणेसतरा. वाटा ८६० येतो. म्हणजे ८०० रोज रास्तच आहे. तुझ्या मालकाने खोटं सांगितलं नसेल तर माणूस बरा आहे.

इंदिरानगर_विकी

काका, ४,००० दलाली खरी कशावरून? पावती आहे का?

पेठरोड_ताशा

विकी भाऊ, दलालीची पावती कोणी देत नाही. खरं-खोटं हंगामात कळतं. ज्या सुपाऱ्या मालकाच्या ओळखीतून थेट येतात त्यात दलाली नसते. त्या दिवशीही ८०० च हातात पडले तर रोजच तो, ठीक. पण वाट्यावर असलेल्यांना त्या दिवशी जास्त मिळायला हवेत. नाही मिळाले तर विचारायचं.

पवन, गणपतीपर्यंत तुझं ताशाचं कुठवर आलं आहे ते कळव. आणि एक लक्षात ठेव. विसर्जनाला वाकडी बारवेपासून मिरवणूक निघते, पुढे रस्ता लांब आणि गर्दी दाट. मोठ्या पथकात मागच्या रांगेतले ढोल नेहमी ओढल्यासारखे वाजतात. त्यांचा ताल चुकत नसतो. तीस-पस्तीस मीटर मागे ताशाचा आवाज पोचायला एक दशांश सेकंद लागतो. ते ऐकून मारतात, म्हणून त्यांचा ठोका उशिरा पडतो. मागे असशील तर कानावर जाऊ नकोस, पुढच्या ताशेवाल्याच्या काड्या किंवा ध्वजवाल्याचा हात बघून मार. दृष्टी लगेच पोचते.

सिडकोकर_पवन

काका, हे कोणी सांगितलंच नव्हतं. हौशी पथकात मी नेहमी मागच्या रांगेत असायचो आणि पुढचे दादा ओरडायचे की मागचे ढिले आहेत. आम्ही जोर लावायचो, पण उशीर तसाच राहायचा.

ट्यूबची फळी केली आहे. तीन आठवडे झाले. काल रेकॉर्ड करून ऐकलं, डावा अजून बारीक येतो. वेग वाढवला की आणखी बारीक होतो.

पेठरोड_ताशा

मग वेग वाढवू नकोस. आठवडाभर डाव्यानेच सुरुवात कर, डावा-उजवा, डावा-उजवा. सुरुवात करणारा हात आपोआप जोर घेतो. आणि रेकॉर्डिंग फळीपासून दोन हात लांब ठेवून कर, मोबाईल उजव्या बाजूला असेल तर डावा बारीकच ऐकू येणार. मधोमध ठेव आणि पुन्हा टाक इथे.